मिक्सरमधून फोनमध्ये भजनाचं स्वच्छ रेकॉर्डिंग: आवाज का फाटतो, घूं कुठून येतं

प्रश्न: सोलापुरात आमचं भजनी मंडळ आहे. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून केबल काढून थेट फोनच्या हेडफोनच्या सॉकेटला लावली, तर फक्त हॉलमधला गोंगाट रेकॉर्ड झाला. दुसऱ्यांदा कोणीतरी दिलेला कन्व्हर्टर लावला, तर गाणं आलं पण पार फाटलेलं, आणि फोनला चार्जर लावला की मागे घूंऽऽ. फोन चांगला आहे, मिक्सरही बरा आहे. नेमकं काय चुकतंय, आणि फार खर्च न करता काय घ्यावं?

उत्तर:

या एका तक्रारीत तीन वेगळे दोष आहेत. तिघांची कारणं वेगळी, त्यामुळे एकाच वस्तूने तिन्ही जाणार नाहीत. पहिला दोष पिनचा, दुसरा व्होल्टेजचा, तिसरा अर्थिंगचा. शिवाय हे तिन्ही सुटले तरी एक चौथी अडचण समोर येईल, ती म्हणजे मिक्सरमधून आलेलं भजन स्वच्छ असूनही कोरडं आणि अर्धवट वाटतं. क्रमाने घेऊ या.

मिक्सरकडून येणाऱ्या केबलची ३.५ मिमीची पिन हातात घ्या आणि तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा असतील तर पिनचे तीन भाग झाले: टोक म्हणजे डावा चॅनल, मधलं कडं म्हणजे उजवा, आणि बुडाचा लांब भाग म्हणजे ग्राउंड. फोनच्या हेडसेटच्या पिनवर मात्र तीन रेघा आणि चार भाग असतात. टोक डावा, पुढचं कडं उजवा, त्यानंतरचं ग्राउंड आणि अगदी बुडाशी माईक. दोन रेघांची पिन फोनमध्ये घातली की तिचा लांब बूड फोनच्या ग्राउंडला आणि माईकच्या पट्टीला एकदमच चिकटतो. माईकची तार ग्राउंडला टेकली, म्हणून फोन समजतो की साधा हेडफोन लावलाय, आणि स्वतःचा आतला माईक चालूच ठेवतो. म्हणून तुम्हाला हॉल ऐकू आला. दुसरी गोष्ट अशी की फोनच्या सॉकेटमधले डावा-उजवा हे संपर्क आवाज बाहेर काढायचे आहेत, आत घ्यायचे नाहीत. आत जायला तिथे एकच वाट आहे, बुडाची, आणि ती मोनो आहे.

चार भागांची पिन लावली तरी काम होईलच असं नाही. फोन माईकच्या तारेवर स्वतःहून साधारण दोन व्होल्ट सोडतो आणि पलीकडे किती ओम आहेत ते बघतो. अँड्रॉइडच्या हेडसेट नियमावलीत ० ओम म्हणजे प्ले-पॉजचं बटण, २४० ओम म्हणजे आवाज वाढवा, ४७० ओम म्हणजे आवाज कमी करा, आणि माईकने १००० ओम किंवा जास्त दाखवायचे असतात. मिक्सरचं आउटपुट फोनला माईकसारखं दिसतच नाही. त्यामुळे कधी फोन माईक ओळखत नाही, तर कधी आवाजाची पट्टी स्क्रीनवर आपोआप वर-खाली होऊ लागते. फोन बिघडलेला नसतो, त्याला वाटत असतं की कोणीतरी बटण दाबतंय.

आता फाटण्याबद्दल. मिक्सरच्या रेक आउटला, म्हणजे लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटना, साधारण ०.३ व्होल्टचा सिग्नल असतो. मेन आउटला तोच १.२ व्होल्टच्या आसपास जातो. हेडसेटच्या माईकचा सिग्नल मात्र काही मिलिव्होल्टचा. म्हणजे फोनला सवय आहे त्याच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त तुम्ही त्याला पाजताय. तुमच्या कन्व्हर्टरने पिन बरोबर केली, म्हणून गाणं आलं. व्होल्टेज मात्र त्याने कमी केलं नाही, म्हणून ते फाटलं.

इथे एक खूण लक्षात ठेवा, ती खूप वेळ वाचवते. फाटलेली फाइल एखाद्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये उघडा आणि लाटेचं चित्र मोठं करून बघा. लाटांचे शेंडे कापल्यासारखे सपाट दिसतील. ते सपाट शेंडे चित्राच्या अगदी वरच्या रेषेला टेकलेले असतील तर रेकॉर्डिंगची पातळीच जास्त होती आणि अ‍ॅपमधली पट्टी कमी करून कदाचित भागेल. पण शेंडे वरच्या रेषेच्या बरेच खाली आहेत आणि तरीही सपाट आहेत, तर आवाज आकडे बनण्याआधीच फाटलाय. मग अ‍ॅपमध्ये कितीही कमी करा, तुम्हाला फाटकाच आवाज हळू ऐकू येईल. उपाय त्याच्या आधी, तारेतच करावा लागतो.

तारेतला उपाय स्वस्त आहे. १०० किलोओमचे दोन आणि २.२ किलोओमचा एक रेझिस्टर, पाव वॅटचे चालतात, तिन्ही मिळून दहा रुपयांचं काम नाही. मिक्सरच्या डाव्या आउटपुटच्या मधल्या तारेला एक १०० किलोओम, उजव्याच्या मधल्या तारेला दुसरा. या दोघांची पलीकडची टोकं एकत्र जोडा, तो बिंदू फोनच्या माईककडे जातो. त्याच बिंदूपासून ग्राउंडपर्यंत २.२ किलोओम लावा. मिक्सरचं ग्राउंड आणि फोनचं ग्राउंड सरळ एकमेकांना. यात दोन कामं होतात. फोनला ग्राउंडपर्यंत २.२ किलोओम दिसतात, म्हणून तो 'माईक आहे' असं मानतो. आणि फोनच्या आतही माईकच्या वाटेवर साधारण तेवढाच रेझिस्टर असल्याने दोघांचे मिळून १.१ किलोओम पडतात, त्यामुळे प्रत्येक बाजूचा सिग्नल नव्वदेक पटींनी, म्हणजे जवळजवळ ३९ डीबीने उतरतो. रेक आउटचे ०.३ व्होल्ट फोनपाशी ३ ते ७ मिलिव्होल्ट होतात. फोनला हेच हवं असतं.

चार भागांची छोटी पिन सोल्डर करणं किचकट असतं. उष्णतेने तिच्यातलं प्लास्टिक वितळून कडी एकमेकांना टेकतात. त्यापेक्षा हेडसेट स्प्लिटर घ्या, ज्याला एकीकडे तीन रेघांची पिन आणि दुसरीकडे माईक व हेडफोनची दोन वेगळी सॉकेट असतात. रेझिस्टरवाली केबल त्याच्या माईकच्या सॉकेटला लावा, आणि हेडफोनच्या सॉकेटला साधा हेडफोन, कारण काही फोन हेडफोन लागलेला असेल तरच बाहेरचा माईक घेतात. रेझिस्टर फोनच्या टोकाशी ठेवा, मिक्सरच्या टोकाशी नको. मिक्सरपासून येणाऱ्या लांब तारेत सिग्नल जोरकस राहिला तर वाटेत गोळा होणारी खरखर त्याच्यापुढे फिकी पडते, आणि पुढे रेझिस्टरमध्ये सिग्नलबरोबर तीही उतरते. उलट केलं तर पाच मीटरच्या तारेत तुमचे मिलिव्होल्टच फिरत राहतील आणि लायटिंगच्या डिमरची कुरकुर त्यात मिसळेल.

याची मर्यादा आधीच सांगतो. हेडसेटच्या वाटेने येणारा आवाज मोनोच राहणार. आणि फोन ही वाट बोलण्यासाठी धरून चालतो, म्हणून बरेच फोन तिथे आवाज आपोआप वर-खाली करतात आणि खालचे स्वर छाटतात. पखवाजाचा धुमाकडचा घुमारा याच छाटणीत जातो. दोन ओव्यांच्या मधल्या शांततेत मागचा फॅन हळूहळू वर येतो, पहिल्या थापेला सगळं दबतं, ही त्याची खूण. कीर्तन-प्रवचनाला हे चालून जातं, भजनाला नाही. तुमचा फोन हे किती करतो ते मॉडेलवर अवलंबून आहे, ते करून बघूनच कळतं.

म्हणून महिन्यातून एकदाही रेकॉर्डिंग होणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: हेडसेटची वाट सोडा आणि यूएसबीने आत शिरा. त्यासाठी छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, मात्र त्याला लाइन इनपुट असलंच पाहिजे. बेहरिंगरचा यूसीए २०२ किंवा २२२ हा त्यातला साधा नमुना आहे. आरसीएची दोन इनपुट, दोन आउटपुट, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वीज यूएसबीतूनच. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, म्हणून अँड्रॉइड ५ पासून पुढच्या, ओटीजी असलेल्या बहुतेक फोनवर तो लावला की चालतो. रेक आउटची लाल-पांढरी केबल थेट यात, इंटरफेसची यूएसबी ओटीजी अ‍ॅडॅप्टरमध्ये, अ‍ॅडॅप्टर फोनमध्ये. रेझिस्टरची गरज नाही, कारण हे इनपुट ०.३ व्होल्टसाठीच बनलेलं आहे. आयफोन १५ आणि पुढच्यांना टाइप-सी असल्याने तिथेही असंच. त्याआधीच्या आयफोनला अ‍ॅपलचा कॅमेरा अ‍ॅडॅप्टर लागतो, आणि तो वीज आत घ्यायचं वेगळं सॉकेट असलेला घ्यावा.

खरेदीला गेल्यावर तीन ठिकाणी फसगत होते. नवी पेठेत किंवा ऑनलाइन 'टाइप-सी टू ३.५ कन्व्हर्टर' मागितला तर जी वीतभर वायर मिळते, तिचं गोल सॉकेट हे पुन्हा हेडसेटचंच सॉकेट आहे. त्याला वरचे सगळे नियम लागू: चार भागांची पिन, मोनो, मिलिव्होल्ट. काहींमध्ये तर माईकची वाटच नसते, फक्त गाणी ऐकण्यापुरते असतात. तुमचा कन्व्हर्टर बहुधा याच जातीचा आहे.

दुसरी फसगत मिक्सरवरच्या यूएसबीची. पुढच्या बाजूला पेन ड्राइव्ह घालायचं चपटं सॉकेट असलेले मिक्सर सध्या सगळीकडे दिसतात. ते गाणी वाजवायला, काहींमध्ये पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करायला असतं. त्याला फोन जोडून आवाज मिळत नाही. प्रिंटरच्या मागे असतं तसं चौकोनी यूएसबी सॉकेट मिक्सरला असेल तर मात्र मिक्सरमध्येच इंटरफेस असण्याची चांगली शक्यता आहे, आणि मग एक प्रिंटर केबल व ओटीजी अ‍ॅडॅप्टर एवढ्यावर काम होतं. साउंडवाल्याला फोनवर विचारताना "यूएसबी आहे का" असं विचारू नका, कोणीही हो म्हणेल. मागच्या पॅनलचा फोटो मागवा.

तिसरी फसगत केबलची, आणि ती सगळ्यात विचित्र आहे. मेन आउट किंवा ऑक्स आउटच्या मोठ्या ६.३५ मिमी सॉकेटमध्ये अनेकदा बॅलन्स्ड आउटपुट असतं. त्यात स्टिरिओची मोठी पिन घालून दुसरीकडे दोन आरसीए काढले, तर डावीकडे सरळ सिग्नल जातो आणि उजवीकडे त्याचाच उलटा. हेडफोनवर आवाज पोकळ, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पसरल्यासारखा येतो. आणि हीच फाइल एका स्पीकरच्या फोनवर वाजवली की सरळ आणि उलटा मिळून एकमेकांना खातात आणि गायक जवळपास नाहीसा होतो! रेक आउटला ही भानगड नाही. मोठ्या सॉकेटमधून काढायचं असेल तर एका काळ्या रेघेची मोनो पिन वापरा.

आता ते घूं. मिक्सरला तीन पिनची वायर असते, तो अर्थला जोडलेला असतो. फोनच्या चार्जरला दोनच पिना असतात, आणि त्याच्या आत विजेच्या बाजूकडून आउटपुटच्या बाजूला एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा करंट झिरपत राहतो. एकटा फोन असेल तर त्याला जायला वाट नसते. तुम्ही ऑडिओ केबलने फोन आणि मिक्सर जोडलात की त्या करंटला अर्थपर्यंतची वाट मिळते, आणि ती वाट म्हणजे तुमच्या केबलचं ग्राउंड. आवाजाचं मोजमाप त्याच तारेच्या आधाराने होत असल्याने ती झिरप गाण्यात मिसळते.

तपासायची रीत सोपी आहे. रेकॉर्डिंग चालू ठेवून चार्जर काढा. घूं गेलं, तर कारण हेच, आणि उपाय म्हणजे चार्जर न लावणं. पूर्ण चार्ज केलेला फोन, स्क्रीन बंद आणि एअरप्लेन मोडवर, छोट्या इंटरफेससह तीन तास सहज काढतो. त्याहून लांब कार्यक्रम असेल तर चार्जिंगसाठी वेगळं सॉकेट असलेला ओटीजी हब घ्या आणि त्याला भिंतीतला चार्जर न लावता पॉवर बँक लावा. पॉवर बँक भिंतीशी जोडलेली नसल्याने झिरप येत नाही. सगळे फोन अशा हबवर एकाच वेळी चार्जिंग आणि ऑडिओ करत नाहीत, म्हणून हे घरी अर्धा तास चालवून बघावं.

चार्जर काढूनही घूं राहिलं, तर मिक्सरच्या हेडफोन सॉकेटला हेडफोन लावून ऐका. तिथेही असेल तर ते तुमच्या फोनचं नाही, एखाद्या माईकच्या केबलचं किंवा पेटीजवळून गेलेल्या लायटिंगच्या वायरचं आहे. चॅनल एकेक करून खाली घेतले की कोणता ते सापडतं. मिक्सरमध्ये स्वच्छ आणि फोनमध्येच घूं, तर आरसीए केबल बदला, बहुतेक वेळा तिचं बाहेरचं ग्राउंड सुटलेलं असतं. अधूनमधून येणारी टिक-टिक-टर्र ही मात्र फोनच्या नेटवर्कची, ती एअरप्लेन मोडने जाते.

एक गोष्ट मात्र कोणी सुचवली तरी करू नका. घूं जावं म्हणून मिक्सरच्या प्लगची अर्थची जाड पिन काढून टाकायची युक्ती मांडवात हमखास ऐकू येते. घूं जातंही. पण मिक्सरमध्ये किंवा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कुठे वीज बॉडीला लागली, तर ती माईकच्या धातूच्या जाळीपर्यंत येते, आणि तो माईक बुवांच्या ओठांजवळ असतो. जनरेटरवर, ओल्या जमिनीवर हा जीवाचा धोका आहे. मिक्सर आणि फोन तारेने वेगळेच करायचे असतील तर १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा छोटा डबा मधे घाला, तो याच कामासाठी मिळतो.

यानंतर अ‍ॅप. इंटरफेस लावला म्हणजे फोनने तो घेतलाच असं समजू नका. फोनबरोबर येणारा कॅमेरा अनेकदा बाहेरच्या माईककडे बघतच नाही. व्हिडिओसाठी Open Camera घ्या, त्याच्या व्हिडिओ सेटिंग्जमध्ये Audio source मध्ये External mic निवडा. नुसत्या ध्वनीसाठी असं कोणतंही रेकॉर्डर अ‍ॅप चालेल ज्यात WAV, 48 kHz आणि स्टिरिओ निवडता येतं आणि लेव्हल मीटर दिसतो. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंग्जमधून हाताने चालू करावं लागतं आणि वापर नसेल तर दहा मिनिटांनी ते स्वतःच बंद होतं. इंटरफेस कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास जोडून ठेवलात तर सुरुवातीला फोन पुन्हा स्वतःच्या माईकवर गेलेला असतो.

याची खात्री करायला नखाची चाचणी करा. रेकॉर्डिंग चालू करून फोनच्या खालच्या काठावर, माईकच्या बारीक छिद्राजवळ, नखाने तीनदा टकटक करा. थांबवून ऐका. टकटक ठणठणीत ऐकू आली तर आतलाच माईक चालू आहे, मग मीटर कितीही नाचत असू दे. टकटक नाही आणि मिक्सरचा आवाज आहे, तर जोडणी बरोबर. ही दहा सेकंदांची चाचणी प्रत्येक वेळी, केबल लावल्यावर करायची.

पातळी ठरवताना 'हॅलो चेक वन टू' वर विसंबू नका. मंडळाकडून थोडा गजर म्हणवून घ्या, टाळ-पखवाज पूर्ण जोरात. त्यातले सर्वांत उंच शेंडे मीटरवर -12 च्या आसपास राहिले पाहिजेत. प्रत्यक्ष रंगात आल्यावर सहा-आठ डीबी सहज वाढतात, ती जागा आधीच ठेवलेली बरी. कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. छोट्या इंटरफेसला इनपुटचा नॉब नसतो, म्हणून पातळी मिक्सरवरच कमी-जास्त करायची. इथे रेक आउटचं एक वैशिष्ट्य तपासा: मेन फेडर खाली घेतल्यावर रेक आउटचा आवाज जातो की राहतो? काही मिक्सरमध्ये जातो, काहींत राहतो. जात असेल तर साउंडवाल्याने शिट्टी मारतेय म्हणून मेन कमी केला की तुमचं रेकॉर्डिंगही कमी होणार.

आणि आता ती चौथी अडचण. समजा मंडळात बुवांचा माईक, मागच्या दोघांना मिळून एक, पेटीला एक आणि पखवाजाला एक असे चार माईक आहेत, टाळांना एकही नाही. छोट्या सभागृहात पखवाज नुसत्या हाताने भरपूर वाजतो, म्हणून साउंडवाला त्याचा फेडर जवळजवळ बंद ठेवतो. लोकांना समतोल ऐकू येतो, कारण अर्धा आवाज स्पीकरमधून आणि अर्धा थेट मंचावरून येतो. तुमच्या तारेत मात्र फक्त स्पीकरचा अर्धा भाग आहे. म्हणून फाइलमध्ये बुवा कानाला लागून, पखवाज दुसऱ्या खोलीत आणि टाळ नाहीतच.

यावर खरा उपाय ऑक्सचा. मिक्सरला ऑक्स सेंड रिकामा असेल आणि तो प्री-फेडर असेल, तर रेकॉर्डिंग रेक आउटमधून न घेता त्या ऑक्समधून घ्या. प्रत्येक चॅनलवर ऑक्सचा वेगळा नॉब असतो आणि प्री असल्याने फेडरच्या हालचालीचा त्यावर परिणाम होत नाही. म्हणजे हॉलसाठी एक मिश्रण आणि तुमच्यासाठी दुसरं, एकाच मिक्सरमधून. वरच्या उदाहरणात मी बुवांचा ऑक्स घड्याळाच्या दहावर ठेवीन, कोरसचा अकरावर, पेटीचा दहावर आणि पखवाजाचा एकवर, मग हेडफोनने ऐकून बदलेन. हे आकडे आरंभापुरते आहेत, माईकच्या गेननुसार सरकतील. ऑक्स आउट बहुधा मोनो आणि रेक आउटपेक्षा जोरकस असतो, म्हणून ऑक्सचा मास्टर निम्म्याखालून सुरू करा. एकच ऑक्स असेल आणि तो गायकांच्या मॉनिटरला गेलेला असेल, तर हट्ट धरू नका. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येणं तुमच्या फाइलपेक्षा महत्त्वाचं आहे.

टाळ आणि लोकांचा प्रतिसाद यांच्यासाठी दुसरा फोन वापरा. तो मंचापासून चार-पाच मीटरवर, स्पीकरच्या तोंडासमोर नाही असा, घडी घातलेल्या चादरीवर ठेवा म्हणजे जमिनीचे हादरे त्यात जात नाहीत. त्यावर साध्या माईकनेच रेकॉर्ड होऊ द्या. दोन्ही फोन चालू झाल्यावर बुवांच्या माईकजवळ एक खणखणीत टाळी वाजवा. घरी एडिटिंगमध्ये दोन्ही फायलींतला टाळीचा शेंडा एकमेकांखाली आणा. आवाजाला एक मीटर कापायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे पाच मीटरवरचा फोन पंधरा मिलिसेकंद मागे असतो, टाळीवर जुळवलं की तोही हिशेब आपोआप मिटतो. मिक्सरची फाइल मुख्य ठेवा आणि हॉलची तिच्यापेक्षा दहा-बारा डीबी खाली. तेवढ्यानेही टाळ येतात आणि कोरडेपणा जातो. तीन तासांत दोन फोनची घड्याळं किंचित सरकतात, म्हणून शेवटच्या अभंगाला प्रतिध्वनीसारखं वाटू लागलं तर हॉलची फाइल अभंगागणिक तोडून पुन्हा जुळवा.

जागेचा हिशेब असा: ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ WAV ला मिनिटाला साडेअकरा एमबी, म्हणजे तासाला सुमारे ७०० एमबी. तीन तासांच्या भजनाला दोन जीबीहून थोडं जास्त. फोनमध्ये पाच जीबी मोकळी ठेवा. अ‍ॅपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये Unrestricted करा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर काही फोन अर्ध्या तासात अ‍ॅपच झोपवतात. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या मांडवात फोन मिक्सरच्या अंगावर किंवा अ‍ॅम्प्लिफायरवर ठेवू नका. तापलेला फोन आधी मंद होतो, मग अ‍ॅप बंद करतो, आणि नेमकी भैरवी राहून जाते.

तुमच्या बाबतीत, रेक आउट आहे आणि खर्च आवरायचा आहे हे धरून, पुढचं भजन यूएसबी इंटरफेस, ओटीजी अ‍ॅडॅप्टर आणि दोन मीटरची बरी आरसीए केबल एवढ्यावर करा, चार्जर न लावता. तोवर हाताशी काही नसेल तर रेझिस्टरचा तुकडा बनवून ठेवा, इंटरफेस ऐनवेळी रुसला तर तोच पिशवीतून निघतो. कार्यक्रमानंतर फाइल आधी हेडफोनवर ऐका आणि लगेच फोनच्या एका स्पीकरवर. दोन्हीकडे बुवांचा आवाज तेवढाच ठाम असेल तर वायरिंग बरोबर आहे. स्पीकरवर तो पातळ झाला, तर मोठ्या पिनची ती एक काळी रेघ पुन्हा तपासा.